शुगर १९१ होती, तरी वडील आयसीयूत गेले. ‘फ्लोझिन’वाल्या गोळीबद्दल विचारायचं आहे

अक्कलकोट रोड · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. वडील ६३ वर्षांचे आहेत, सूतगिरणीतून निवृत्त झालेत. चौदा वर्षांपासून मधुमेह. २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. आता घरी आलेत, बरे आहेत. पण जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जानेवारीत त्यांच्या गोळ्या बदलल्या. मेटफॉर्मिनच्या जागी डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आली. सकाळची ग्लिमेपिराइड आणि रात्रीचं १४ युनिट इन्सुलिन तसंच राहिलं. शुगर छान खाली आली, वजन तीन किलो उतरलं. मग बाबांनी आपल्याच मनाने इन्सुलिन १४ वरून ८ वर आणलं. हे आम्हाला नंतर कळलं.

मे महिन्यात गावाकडे लग्न होतं. तिथून आल्यावर सोमवारी रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मंगळवारी पोटात फक्त दोन कप चहा आणि थोडी पेज. गोळ्या मात्र सगळ्या घेतल्या, कारण ‘शुगरची गोळी चुकवायची नसते’. इन्सुलिन घेतलं नाही, कारण ‘जेवलोच नाही तर इन्सुलिन कशाला’. घरच्या मशीनवर शुगर १८२, मग १७६. आम्ही निर्धास्त.

बुधवारी पोटात दुखायला लागलं आणि दम लागल्यासारखं झालं. एका दवाखान्यात नेलं. शुगर १९१. ‘गॅस्ट्रो आहे, ॲसिडिटी आहे’ म्हणून एक सलाईन लावून घरी पाठवलं. रात्री अकरा वाजता बाबा खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि नुकतेच धावत आल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होते. बोलताना मध्येच डोळे मिटत होते. दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलला नेलं. रक्ताची पीएच ७.०९, बायकार्बोनेट ८, कीटोन ५.८, क्रिएटिनिन १.९. लगेच आयसीयू.

तिथे एका बाटलीतून ग्लुकोज आणि पंपातून इन्सुलिन, दोन्ही एकदम चालू केलं. मी डॉक्टरांशी भांडले. शुगर १९१ असताना मधुमेहाच्या माणसाला साखर का देताय, आणि साखर द्यायचीच तर इन्सुलिन कशाला? त्या रात्री त्यांना समजावायला वेळ नव्हता. तीन दिवसांनी बाबा वॉर्डात आले.

अजून एक गोष्ट आईने नंतर सांगितली. मार्चपासून बाबांना पुढच्या जागेला खाज आणि आग होत होती. ते कोणाला बोलले नाहीत. लघवी करताना झोंबायचं म्हणून पाणी पिणंच कमी केलं होतं. बाथरूमच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायची ती आईने पाहिली होती, रोज फिनेल टाकत होती.

प्रश्न असा : या सगळ्याला ती एक गोळी कारण आहे का? आणि आजारपणात नेमकं काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं?

---

कडक भाकरी · सोमवार, रात्री १०.१५

ताई, बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. माझ्या आईचंही असंच झालं होतं, जेवण न करता गोळी घेतली आणि शुगर एकदम ४८ वर आली. घामाने चिंब झाली होती. तेव्हापासून आम्ही खिशात खडीसाखर ठेवतो. गोळी घेतली की खायलाच पाहिजे, आणि चक्कर आली की लगेच साखर तोंडात टाकायची.

---

चादरवाला · सोमवार, रात्री १०.५०

मी ६८ वर्षांचा, मधुमेह २२ वर्षं. माझा नियम साधा आहे. ताप आला, उलटी झाली, जेवण गेलं, की सगळं बंद. गोळ्या बंद, इन्सुलिन बंद. पोटात काही नसताना औषध कशावर काम करणार? दोन दिवसांनी भाकरी गोड लागायला लागली की पुन्हा सुरू. आजवर काही झालेलं नाही.

आणि कीटोन वगैरे शुगर तीनशे-चारशेच्या वर गेल्यावर होतं असं मी वाचलंय. १९१ ला कीटोन म्हणजे लॅबची चूक तर नाही ना?

---

सात रस्ता · मंगळवार, सकाळी ७.०५

मी फिजिशियन आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करतो. आधी ताईंच्या बाबांबद्दल. लॅबची चूक नाही. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी ओळखीचा आहे.

ही गोळी किडनीत काम करते. एरवी किडनी गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेते. ही गोळी ते ओढणं अडवते, आणि मधुमेही माणसाच्या लघवीतून दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर बाहेर जाते. साठ ग्रॅम म्हणजे बारा चमचे. तुमच्या आईने पाहिलेल्या मुंग्या त्याच्याच. गोळी चालू असताना लघवीतली साखर तपासली तर ‘चार प्लस’ येणारच, त्यावरून मधुमेह बिघडला असं समजू नये.

आता उजनीचं उदाहरण घ्या. धरणाचे दरवाजे उघडे असले की पातळी फार चढत नाही. पण म्हणून वरून येणारं पाणी थांबलंय असं कोणी म्हणणार नाही. बाबांच्या मशीनवरचा १९१ हा आकडा दरवाजे उघडे असतानाच्या पातळीचा होता. आत शरीराला इन्सुलिन मिळत नव्हतं, पोटात अन्न नव्हतं, आणि जी काही साखर होती ती लघवीवाटे चालली होती. अशा वेळी शरीर चरबी जाळायला घेतं. चरबी जळताना कीटोन तयार होतात, ते आम्ल असतात. कीटोनने रक्त असं आंबट होणं म्हणजेच कीटोॲसिडोसिस. रक्त आंबट झालं की शरीर ते आम्ल श्वासावाटे बाहेर फेकायला बघतं. तुम्ही रात्री पाहिलेला खोल श्वास तोच. फुप्फुस चांगलं असूनही माणूस धापा टाकतो.

आणि तुमचं भांडण. कीटोन बनणं थांबवायला इन्सुलिन लागतंच. पण शुगर १९१ असताना नुसतं इन्सुलिन दिलं तर ती कोसळेल. म्हणून सोबत ग्लुकोज. त्या डॉक्टरांनी बरोबर तेच केलं. नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये शुगर चारशे-पाचशे असते, तिथे ग्लुकोज उशिरा लावतात. इथे पहिल्यापासून लावावं लागतं.

चादरवाला काका, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं धोक्याचं. जेवण गेलं की फ्लोझिनची गोळी बंद करायची, हे बरोबर. मेटफॉर्मिनही थांबवायची. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नाही. आजारात शरीराची इन्सुलिनची गरज उलट वाढते, पोट रिकामं असलं तरी. डोस किती ठेवायचा ते फोन करून विचारा, पण शून्य नको. बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी उलट झाल्या : जी थांबवायची ती गोळी चालू राहिली आणि जे चालू ठेवायचं ते इन्सुलिन थांबलं.

‘कीटोन तीनशेच्या वर’ ही समजूत जुन्या औषधांच्या काळातली. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गोळ्यांबाबत २०१५ सालीच इशारा दिला होता की शुगर फार न वाढताही हे होऊ शकतं. अनेक पेशंटना २५० च्या आतच झालेलं असतं. तसं हे क्वचितच होतं. माझ्या ओपीडीत ही गोळी घेणारे शेकडो आहेत आणि असे पेशंट मी मोजकेच पाहिलेत. पण झालं की उशिरा ओळखलं जातं, कारण सगळे मशीनवरचा आकडा बघून निश्चिंत असतात.

कडक भाकरी, तुमच्या आईचं बहुधा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे झालं असेल. तो वेगळा प्रकार, फ्लोझिन एकटी असेल तर शुगर तशी पडत नाही. मात्र आजारपणात थोडी साखर पोटात जाणं या लोकांनाही गरजेचं असतं, त्यामुळे तुमची खडीसाखर इथेही कामाला येते.

---

मेडिकल काउंटर · मंगळवार, दुपारी २.३०

काउंटरवरून बघितलेलं सांगतो. निम्म्या पेशंटना आपण ही गोळी घेतो हेच माहीत नसतं. ‘शुगरची गुलाबी गोळी’, ‘जेवणाआधीची’ अशी ओळख. त्यात २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिन बऱ्याच कंपन्यांनी काढली, २०२५ पासून एम्पाग्लिफ्लोझिनचंही तेच झालं. भाव उतरले, आता खूप जण घेतात. आणि एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं. वर ब्रँडचं मोठं नाव आणि खाली बारीक अक्षरात खरी नावं. ती वाचा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ दिसलं की तीच. ‘ग्लिप्टिन’ वेगळी आणि ‘ग्लिमे’ वेगळी, या तिघांत फार गोंधळ होतो. बारीक दिसत नसेल तर स्ट्रिप घेऊन या, आम्ही पेनाने खूण करून देतो.

एकत्र गोळीची अडचण अशी की फ्लोझिन थांबवायची म्हटलं की सोबतचंही थांबतं. मेटफॉर्मिन असेल तर ठीक, ती थांबवायचीच असते. दुसरं काही असेल तर डॉक्टरांना विचारा.

---

पूर्व भाग · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मी बाई आहे, ५४ वर्षांची. इथे नाव नाही म्हणून लिहिते.

मला एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली. पांढरं, दह्यासारखं जायचं. इतकी आग की रात्री झोप नाही. मला वाटलं आपली स्वच्छता कमी पडते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवून वापरावं लागतं. मग मी डेटॉल घालून धुवायला लागले, त्याने अजून सोललं. मेडिकलमधून एक मलम आणलं. दोन दिवस एकदम आराम पडला आणि आठव्या दिवशी दुप्पट झालं. सुनेला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची लाज. डॉक्टर पुरुष. चार महिने काढले. शेवटी तपासणीला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरने स्वतःहून विचारलं, ‘मावशी, खाली खाज वगैरे नाही ना?’ मी तिथेच रडले. एक गोळी आणि आत ठेवायचं औषध दिलं, पाच-सहा दिवसांत बरं झालं.

कुणीतरी आधी विचारलं असतं तर चार महिने गेले नसते. गोळी लिहून देतानाच हे का सांगत नाहीत?

---

सात रस्ता · मंगळवार, रात्री १०.१०

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे सबब नाही. मी आता गोळी सुरू करतानाच सांगतो, पुरुषांनाही. पुढच्या भेटीत स्वतः विचारतो, कारण शंभरातले पंच्याण्णव जण आपणहून बोलत नाहीत.

कारण तेच, लघवीतली साखर. तिथल्या कातडीवर बुरशी एरवीही थोडी असते, तिला रोज गोड खाद्य मिळतं. बायकांना जास्त होतं. पुरुषांत पुढची कातडी असलेल्यांना, कारण तिच्या आत लघवीचे थेंब साचतात. कातडी लाल होते, पांढरा थर येतो, चिरा पडतात, आणि दुर्लक्ष केलं तर कातडी आवळून मागे सरकेनाशी होते. बहुतेकांना हे पहिल्या काही महिन्यांत होतं. यात अस्वच्छतेचा दोष मानू नका.

लघवी झाल्यावर साध्या पाण्याने धुवायचं, पुरुषांनी कातडी मागे घेऊन, आणि कोरडं टिपायचं. पाणी कमी असेल तर तांब्याभर पुरतं, कोरडं करणं जास्त महत्त्वाचं. साबण, डेटॉल नको. सुती कपडे. मलम क्लोट्रिमाझोलचं, फक्त तेवढंच. तुम्ही आणलेल्या मलमात स्टिरॉइड असणार. दोन दिवस आराम आणि मग दुप्पट, ही त्याची खूण. बुरशीची पोटात घ्यायची फ्लुकोनाझोल गोळी मनाने घेऊ नका. ग्लिमेपिराइड चालू असेल तर दोन्ही मिळून शुगर पडू शकते.

एकदा झालं म्हणून फ्लोझिन बंद करावी लागत नाही. पुन्हापुन्हा होत असेल तर मी बदलतो. मात्र जांघेत, अंडकोषात किंवा शौचाच्या जागेच्या पुढे खूप दुखतंय, सूज आहे आणि ताप आहे, तर ती साधी खाज नाही. ते मांस सडवणारं इन्फेक्शन असू शकतं, फार दुर्मीळ पण जीवघेणं. त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

अक्कलकोट रोड ताई, तुमच्या बाबांची खाज आणि आयसीयू या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तरी मध्ये एक दुवा आहे. झोंबतं म्हणून त्यांनी पाणी तोडलं, तेही मेमध्ये. शरीर आधीच कोरडं, त्यावर जुलाब. क्रिएटिनिन १.९ त्याचंच.

---

चादरवाला · बुधवार, सकाळी ८.००

डॉक्टर, इन्सुलिनचं लक्षात घेतलं. माझ्या स्ट्रिपवर आत्ताच नातवाकडून वाचून घेतलं, माझ्यातही डापा आहे. दोन वर्षं घेतोय, माहीत नव्हतं.

मग घरी कीटोन कसं कळणार? लघवीच्या पट्ट्या मिळतात म्हणे.

---

सात रस्ता · बुधवार, दुपारी १.४५

पट्टीवर भरपूर रंग आला तर काही तरी आहे हे नक्की. पण रंग कमी आला म्हणून सुटलो असं नाही. या आजारात जो कीटोन सगळ्यात जास्त बनतो तो लघवीच्या पट्टीला दिसतच नाही. बोटाच्या रक्तावर कीटोन मोजणारं मशीन असतं ते खात्रीचं. ०.६ च्या आत ठीक, दीडच्या वर काळजी, तीनच्या वर आयसीयूचा विषय. पण ते सोलापुरात सहज मिळत नाही, मागवावं लागतं. सगळ्यांना घ्या म्हणणार नाही.

काका, तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. ज्या दिवशी दोन जेवणं नीट गेली नाहीत, उलट्या-जुलाब किंवा मोठा ताप आहे, त्या दिवसापासून फ्लोझिन आणि मेटफॉर्मिन बंद. ग्लिमेपिराइड जेवण नसेल तर नाही. बीपीची गोळी, विशेषतः लघवी होणारी, चालू ठेवायची का ते फोनवर विचारा. इन्सुलिन डोस विचारून, पण चालू. दर चार तासांनी शुगर बघा. घोट घोट ओआरएस, ताक, पेज घेत राहा, म्हणजे पाणीही जाईल आणि थोडं अन्नही. नीट जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की गोळी पुन्हा. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन-तीन दिवस राहतो, म्हणून ‘काल बंद केली, आता धोका नाही’ असं धरू नका. मोठ्या ऑपरेशनच्या आधी ती तीन दिवस थांबवतात ते याचसाठी.

पाणीही पोटात टिकत नसेल, पोट दुखत असेल, श्वास खोल चालला असेल किंवा गुंगी येत असेल, तर मशीनवर १५० दाखवलं तरी निघायचं. आणि दारातच सांगायचं : ‘मी फ्लोझिनची गोळी घेतो, रक्तातले कीटोन बघा.’ ताईंच्या बाबांना पहिल्या दवाखान्यात हे एक वाक्य कोणी बोललं असतं तर बुधवारची रात्र वेगळी गेली असती.

---

पंढरीची वाट · बुधवार, रात्री ९.००

सासूबाई ७०, हीच गोळी घेतात. त्यांची एकादशी कडक असते, निर्जळी. डॉक्टर, एक दिवसाच्या उपासालाही बंद करायची का? त्या म्हणतात, चाळीस वर्षं करते, काही झालं नाही.

---

सात रस्ता · बुधवार, रात्री १०.३०

निर्जळी या गोळीवर मी चालू देत नाही. इन्सुलिन घेत असतील तर मुळीच नाही. साबुदाणा, भगर, फळं खाऊन, पाणी पिऊन केलेला उपास वेगळा. त्यातही त्या दिवशी आणि आदल्या दिवशी गोळी थांबवावी असं माझं मत. माझे काही सहकारी खाऊन केलेल्या उपासाला थांबवत नाहीत. यावर आमच्यातच एकमत नाही, सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांशी बोलू द्या.

---

अक्कलकोट रोड · गुरुवार, रात्री ८.५०

डॉक्टर, मनापासून आभार. त्या रात्री मी ज्यांच्याशी भांडले त्यांना काल फोन करून माफी मागितली.

तुमचं वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘खाजेचं मार्चमध्येच सांगायला पाहिजे होतं.’ औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. वर ‘जेवण बंद तर ही बंद’ आणि स्ट्रिपचा कापलेला तुकडा, खाली ‘इन्सुलिन चालू, फोन कर’ आणि नंबर. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तिला तुकडा बघून गोळी ओळखता येते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मधुमेहाचे डॉक्टर म्हणतात ही गोळी आता पुन्हा नाही. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, पंपिंग कमी आहे, या गोळीने हृदयाला फायदा होत होता, विचार करू. आम्ही कोणाचं ऐकायचं?

---

सात रस्ता · गुरुवार, रात्री ११.२०

एकदा कीटोॲसिडोसिस होऊन गेल्यावर मी स्वतः पुन्हा देत नाही, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला तर नाहीच. हृदयासाठी दुसरी औषधं आहेत. पण पंपिंग किती आहे ते मला माहीत नाही, आणि हृदयाला या गोळीचा फायदा होतो हेही खरं आहे. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, आयसीयूचं डिस्चार्ज कार्ड दोघांसमोर ठेवून. तोवर बंदच राहू द्या.

---

पंढरीची वाट · शुक्रवार, सकाळी ६.४०

सासूबाई ताक आणि राजगिऱ्याचा लाडू घ्यायला तयार झाल्या, निर्जळी सोडायला नाही म्हणतात. आषाढीला अजून वेळ आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे नेते आहे, तिथे काय ठरतं ते इथे लिहीन.